शंभर एक घरं

ध्वनिमुद्रित भाषणाच्या उतरवलेल्या मजकुरात विरामचिन्हं टाकायला आज एकच पान घेऊन बसू. भाषण लांब आहे, दीड तासाचं. ते सगळं आज होणार नाही आणि व्हायचीही गरज नाही. तासाभराच्या भाषणाला मला पाच-सहा तास लागतात, तेही मध्ये उठून, चहा पिऊन. घाईने केलेलं काम पुन्हा करावं लागतं, हे आता पाठ झालंय.

हेडफोन कानाला लावा. हात की-बोर्डवरून काढून मांडीवर ठेवा. पहिल्यांदा फक्त ऐकायचं. मजकुराकडे बघायचंसुद्धा नाही. बोलणारा वयस्क आहे, सभा गावातली आहे, पंखा फिरतोय आणि मागे कुठेतरी लहान मूल रडतंय. त्याच्या आवाजाशी ओळख होऊ द्या. वाक्य संपवताना तो आवाज कसा खाली आणतो, आठवायला लागला की कसा ताणतो, लोक हसले की किती वेळ थांबतो. या तीन गोष्टी कानात बसल्याशिवाय एकही पूर्णविराम टाकायचा नाही.

आता पान उघडा. टंकलेखकाने ऐकेल तसं उतरवून दिलेलं, कुठेही चिन्ह नाही, परिच्छेद नाही, आकडे अक्षरात. (उतारा मी या मननासाठी रचला आहे. यातल्या अडचणी मात्र एकेक करून माझ्या टेबलावर येऊन गेलेल्या आहेत.)

‘तर बहात्तर साली आमच्या गावात शंभर एक घरं होती आणि विहिरी किती तर तीन एक पाटलांची एक देवळाची आणि एक सार्वजनिक पाणी कुठंच नव्हतं आजी म्हणायची पाणी देव आहे सांडू नका आम्ही हसायचो आता हसू येत नाही दुष्काळी कामावर दोन तीनशे माणसं खडी फोडायची पहाटे साडेपाचला निघायचं तीन साडेतीन मैल चालायचं आई पुढे मी मागे मजुरी किती मिळायची सांगा बघू पावणेदोन दोन रुपये ते पण आठवड्यानं एकदा संध्याकाळ झाली आम्ही निघालो उद्या साहेब येणार रस्ता मोजायचाय म्हणून मुकादम ओरडला सगळे परत फिरले बरं हे झालं कामाचं आता पाण्याचं सांगतो मघाशी तीन विहिरी म्हणालो त्यातली देवळाची आधी आटली’

एकदा नजर फिरवा आणि परत वर या. असा सलग मजकूर पाहून घाबरायला होतं, पण मराठीला तो नवा नाही. मोडीत लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढायचा आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचा. दोन शब्दांत अंतर नाही, वाक्याच्या शेवटी खूण नाही. वाचणारा मोठ्याने वाचायचा आणि कुठे थांबायचं ते त्याचा आवाज ठरवायचा. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आली. मेजर टॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली ती १८५० साली. म्हणजे आपलं लिहिणं चिन्हांशिवाय शतकानुशतकं चाललं, आणि बोलणारा आजही चिन्हं न टाकताच बोलतो. ती टाकण्याचं काम ऐकणाऱ्याकडे असतं.

हळूहळू सुरू करू. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त पूर्णविराम शोधायचे. स्वल्पविराम नको, अवतरण नको, आकड्यांकडे तर बघूच नका.

मराठीत हे बऱ्यापैकी सोपं जातं, कारण क्रियापद शेवटी येतं. ‘होती’, ‘नव्हतं’, ‘हसायचो’, ‘निघायचं’, ‘फिरले’. प्रत्येकापाशी थोडं थांबा आणि बघा, वाक्य इथे बसतंय का. बहुतेक ठिकाणी बसतं. पण या पानावर दोन जागा अशा आहेत जिथे क्रियापद मदतीला येत नाही.

पहिली जागा विहिरींची. ‘आणि एक सार्वजनिक पाणी कुठंच नव्हतं’. हे डोळ्यांनी वाचलं की ‘सार्वजनिक पाणी’ असा जोड आपोआप लागतो, कारण दोन्ही शब्द एकमेकांना शोभतात. वाक्य तयार होतं: सार्वजनिक पाणी कुठंच नव्हतं. व्याकरण ठीक, अर्थही लागतो. आता मागे जा. वक्ता म्हणाला होता, विहिरी तीन. एक पाटलांची, एक देवळाची आणि एक... कुणाची? ‘सार्वजनिक’ पुढच्या वाक्याला दिला तर तिसरी विहीर ‘आणि एक’ म्हणून अधांतरी लटकते. तेव्हा पूर्णविराम ‘सार्वजनिक’नंतरच हवा. तिसरी विहीर सार्वजनिक होती. आणि मग वेगळं वाक्य: पाणी कुठंच नव्हतं.

या एका ठिपक्यापाशी जरा बसू. ज्या महाराष्ट्रात १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे ‘सार्वजनिक पाणी कुठंच नव्हतं’ हे वाक्य साधं राहत नाही. गावात सगळ्यांना मोकळं असं पाणी नव्हतंच, अशी ती साक्ष होते. उद्या कुणी अभ्यासक हा मजकूर वाचेल आणि त्या गावाबद्दल तसं लिहून ठेवेल. वक्त्याने मात्र सांगितलं होतं ते एवढंच की, विहीर होती आणि तीही कोरडी पडली. खरं काय होतं ते गावाला माहीत. आपल्याला फक्त तो काय बोलला ते माहीत आहे, आणि तिथे मोजणीने आपला हात धरला. तीन म्हणाला, तर तीन पुऱ्या व्हायला हव्यात.

दुसरी जागा मजुरीची. ‘ते पण आठवड्यानं एकदा संध्याकाळ झाली’. ‘एकदा’ कुणाचा? ‘ते पण आठवड्यानं एकदा’, म्हणजे पैसे आठवड्यातून एकदा मिळायचे. की ‘एकदा संध्याकाळ झाली’, म्हणजे इथून एका विशिष्ट संध्याकाळची गोष्ट सुरू होते? दोन्ही मराठी आहे, दोन्ही स्वाभाविक आहे. कागदावर याचं उत्तर नाही. इथे परत कान लावावा लागतो.

आणि इथेच नवखा माणूस फसतो. मीही फसायचे. आपण शांततेची लांबी मोजतो. वक्ता जिथे जास्त थांबला तिथे पूर्णविराम, थोडा थांबला तिथे स्वल्पविराम, अशी सोपी वाटणी करतो. पण भाषण देणारा माणूस श्वासासाठी थांबतो, पाण्याचा घोट घ्यायला थांबतो, आकडा आठवायला थांबतो, माईक सरकवायला थांबतो. वाक्याच्या मधोमध तीन सेकंद गप्प राहतो आणि दोन वाक्यं एका दमात बोलून टाकतो. म्हणून शांततेच्या आधीचं अक्षर ऐका. वाक्य संपत असेल तर शेवटच्या शब्दावर आवाज खाली बसतो. वाक्य चालू असेल तर आवाज सपाट राहतो किंवा किंचित वर टांगलेला असतो, मग शांतता कितीही लांब असो.

समजा, ‘आठवड्यानं’नंतर लांब विराम आहे. त्या शब्दाच्या शेवटी आवाज वर टांगलेला असेल, तर तो नुसता घोट घेत होता आणि ‘एकदा’ मागच्या वाक्याचा आहे. आवाज खाली बसला असेल आणि ‘एकदा’ नव्या जोराने उंच सुरू होत असेल, तर गोष्ट तिथून सुरू झाली. तो तुकडा तीनदा ऐका. वेग कमी करून ऐकू नका. वेग कमी केला की चढउतार ताणले जातात आणि सगळंच टांगलेलं वाटायला लागतं. आहे त्या वेगाने, फक्त पुन्हा पुन्हा. आपण असं धरू की आवाज ‘आठवड्यानं’वर खाली बसला. म्हणजे पगार आठवड्याने, आणि एकदा संध्याकाळ झाली.

थोडं थांबू. खिडकीबाहेर बघा. कानांनाही विश्रांती लागते. अर्ध्या तासाने कान थकतो आणि जे मनात आहे तेच ऐकू यायला लागतं.

आता आकडे. या पानावर ते भरपूर आहेत, आणि टंकलेखन झालं की पहिला मोह होतो तो सगळे अंकात करायचा. दिसायला छान दिसतं. पण प्रत्येक आकड्याला आधी विचारा: तू मोजलेला आहेस की अदमासाचा?

‘शंभर एक घरं’. इथे ‘१०१ घरं’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. पण १०१ला आपण ‘एकशे एक’ म्हणतो. ‘शंभर एक’ म्हणजे शंभराच्या आसपास, ‘शंभरेक’. तो ‘एक’ आकडा वाढवत नाही, आकडा सैल करतो. म्हणून ‘शंभरेक घरं’ किंवा ‘शंभर-एक घरं’, आणि अक्षरातच.

‘दोन तीनशे माणसं’. ही चूक माझ्या हातून झाली आहे, एका स्मरणिकेत. ‘२,३०० माणसं’ असं छापून आलं. एका बारीक गावाच्या खडी केंद्रावर दोन हजार तीनशे माणसं! वाचकाचा फोन आला तेव्हा मी आधी वाद घातला आणि मग ध्वनिफीत ऐकली. ‘दोन हजार तीनशे’ म्हणायचं असतं तर ‘हजार’ तोंडात आलाच असता. ‘दोन तीनशे’ म्हणजे दोनशे ते तीनशे. ‘शे’ एकदाच म्हटला, पण तो दोघांचाही आहे. मध्ये संयोगचिन्ह टाकलं की वाचणाऱ्याला कळतं: दोन-तीनशे.

‘तीन साडेतीन मैल’ आणि ‘पावणेदोन दोन रुपये’ यांचंही तेच. इथे ‘३-३.५ मैल’ लिहिलं तर माणसाने टेप घेऊन रस्ता मोजल्यासारखं वाटतं. पाव, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे आपले शब्द कच्च्या हिशेबाचे आहेत, बाजारात आणि ओट्यावर वाढलेले. दशांश चिन्ह त्यांना परीट घडीचे कपडे घालतं. अक्षरात ठेवा, मध्ये छोटी आडवी रेघ द्या. ‘साडेपाच’ही तसंच, पहाटेच्या अंधारात निघणाऱ्या त्या बाईकडे घड्याळ होतं की नाही, कोण जाणे.

मग अंकात काय जातं? ‘बहात्तर साली’. हे वर्ष आहे, त्याला एकच अर्थ आहे आणि वाचणाऱ्याला ते चटकन सापडलं पाहिजे: १९७२ साली. ‘एकोणीसशे’ तो बोलला नाही, आपण जोडलं. पण शतकाबद्दल शंका नाही तोवर ते चालतं. पुढे कुठे तो ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणाला तर मात्र हात लावू नका. ते त्या दुष्काळाचं नाव झालं आहे.

बघा, आकड्यांनी भरलेल्या या पानात अंकात गेला तो एकच. याच भाषणात पुढे तो संस्थेचा हिशेब वाचून दाखवतो, तिथे चित्र उलटं होतं. हातातल्या कागदावरून तो ‘एक लाख पंच्याहत्तर हजार’ असं सावकाश वाचतो, तेव्हा ते १,७५,००० असं अंकात जावं, स्वल्पविराम आपल्या पद्धतीने लाखावर आणि हजारावर. पाच मिनिटांनी कागद खाली ठेवून तो म्हणतो, ‘पावणेदोन लाख घातले हो आम्ही’. रक्कम तीच. पण ते ‘पावणेदोन लाख’च राहू द्या. कागदावरून वाचणं आणि तोंडाने सांगणं यातला फरक वाचकाला दिसला पाहिजे. आणि ‘सात बारा’ आला तर तो ‘सातबारा’ किंवा ‘७/१२’; गाव नमुना सात आणि बारा यांचा तो उतारा आहे. एकदा मी ‘७-१२ वर नाव नव्हतं’ असं वाचलं होतं आणि सात ते बारा अशा सहा कागदांवर नाव नव्हतं की काय, असं क्षणभर वाटून गेलं.

वक्ता स्वतःच चुकला तर? याच भाषणात मागे कुठेतरी तो म्हणतो, पानशेत फुटलं बासष्ट साली. पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. आधी परत ऐका, कदाचित टंकलेखकाचा कान चुकला असेल. वक्ता खरंच ‘बासष्ट’ म्हणाला असेल, तर ‘१९६२’ तसंच राहील आणि शेजारी चौकटी कंसात [१९६१] येईल. गुपचूप दुरुस्त करू नका. माणूस आठवणीतून बोलतोय, आणि त्याची आठवण कुठे घसरते हेही त्याच्या भाषणाचा भाग आहे.

आता अवतरणं. इथे मराठीचा एक विचित्र स्वभाव समोर येतो. ‘आजी म्हणायची’ आधी आलं, तेव्हा सुरुवात सापडली: ‘म्हणायची’च्या पुढे. शेवट ‘सांडू नका’पाशी आहे हे आज्ञार्थावरून कळतं, कारण पुढचं ‘आम्ही हसायचो’ आजीचं असू शकत नाही. पण मुकादमाचं बघा. ‘उद्या साहेब येणार रस्ता मोजायचाय म्हणून मुकादम ओरडला’. आपण बरेचदा दुसऱ्याचे शब्द आधी बोलून टाकतो आणि ‘म्हणून’, ‘असं म्हणाला’ हे मागाहून लावतो. अवतरण कुठे संपलं ते भाषा सांगते, कुठे सुरू झालं ते सांगत नाही.

आणि त्या ‘म्हणून’ला दोन तोंडं आहेत. एक: मुकादम ओरडला ते शब्दच हे, ‘उद्या साहेब येणार, रस्ता मोजायचाय!’ दुसरं: साहेब येणार होते, रस्ता मोजायचा होता, त्यामुळे मुकादम ओरडला, काय ओरडला ते सांगितलेलं नाही. पहिल्यात मुकादम खबर देतो. दुसऱ्यात तो कामगारांवर डाफरतो. हे दोन वेगळे मुकादम आहेत.

ऐका. वक्ता ‘उद्या’पासून आवाज बदलतो का? नक्कल करतो का? गावाकडचे चांगले बोलणारे हमखास करतात. आवाज जरा जाड होतो, वेग वाढतो. तसं असेल तर अवतरणचिन्हं टाका. आवाज बदलत नसेल तर फक्त स्वल्पविराम: ‘उद्या साहेब येणार, रस्ता मोजायचाय, म्हणून मुकादम ओरडला.’ पाच वेळा ऐकूनही ठरत नसेल तर अवतरण टाकू नका. स्वल्पविरामाचं वाक्य दोन्ही अर्थ पोटात ठेवतं. अवतरणचिन्ह टाकलं की एक अर्थ बाहेर फेकला जातो, आणि तो बाहेर फेकायचा अधिकार आपला नव्हता. मी तरी असंच करते.

शेवटी परिच्छेद, आणि ते मुद्दाम शेवटीच. आधी पाडले तर नजर त्या खिडक्यांतूनच मजकूर बघायला लागते.

जुन्या पत्रांत क्षेमकुशल संपलं की ‘विशेष’ लिहून मुद्द्याला हात घालत. बोलणाऱ्यांचेही तसे शब्द असतात: ‘बरं’, ‘असो’, ‘दुसरी गोष्ट’, ‘तर मी काय म्हणत होतो’. आपल्या पानावर ‘बरं हे झालं कामाचं आता पाण्याचं सांगतो’ इथे वक्त्याने स्वतःच कात्री चालवून दिली आहे. तिथे नवा परिच्छेद. पण नुसत्या ‘आता’वर विश्वास ठेवू नका; ‘आता हसू येत नाही’मधला ‘आता’ काही नवं सुरू करत नाही, उलट आजीची गोष्ट मिटवतो. ‘तर’ही तसाच लबाड: ‘विहिरी किती? तर तीन’ यात तो नुसता उत्तराचा उंबरठा आहे. शब्दापेक्षा बघायचं ते हे की माणसं, जागा किंवा वेळ बदलली का. आजीच्या घरातून आपण खडीवर गेलो, तिथे एक तुटतो. रोजच्या सवयीतून एका संध्याकाळी आलो, तिथे एक तुटतो. टाळ्या पडल्या म्हणून तोडू नका. लोक वाक्याच्या मध्येही टाळ्या वाजवतात.

आता सावकाश वाचून बघा, मनातल्या मनात, त्याच्या आवाजात.

‘तर १९७२ साली आमच्या गावात शंभरेक घरं होती. आणि विहिरी किती? तर तीन. एक पाटलांची, एक देवळाची आणि एक सार्वजनिक. पाणी कुठंच नव्हतं. आजी म्हणायची, “पाणी देव आहे, सांडू नका.” आम्ही हसायचो. आता हसू येत नाही.

दुष्काळी कामावर दोन-तीनशे माणसं खडी फोडायची. पहाटे साडेपाचला निघायचं, तीन-साडेतीन मैल चालायचं. आई पुढे, मी मागे. मजुरी किती मिळायची? सांगा बघू. पावणेदोन-दोन रुपये, ते पण आठवड्यानं.

एकदा संध्याकाळ झाली, आम्ही निघालो. उद्या साहेब येणार, रस्ता मोजायचाय, म्हणून मुकादम ओरडला. सगळे परत फिरले.

बरं, हे झालं कामाचं. आता पाण्याचं सांगतो. मघाशी तीन विहिरी म्हणालो, त्यातली देवळाची आधी आटली.’

‘तर’ आणि ‘बरं’ मी काढले नाहीत. काही जण भाषण छापताना ते झाडून टाकतात. ते संपादनाचं काम आहे, चिन्हं टाकण्याचं नाही, आणि दोन्ही एकाच बैठकीत केलं की कुठला शब्द वक्त्याचा आणि कुठला आपला हे आपल्यालाही आठवत नाही. उद्गारचिन्ह एकही नाही. लागलं असतं तर टाकलं असतं, पण हा माणूस कुठेच ओरडत नाही.

शेवटचं एक ऐकणं बाकी आहे. ध्वनिमुद्रण सुरू करा आणि बोट ओळीवर ठेवून चिन्हांबरोबर चाला. जिथे तुमचा पूर्णविराम येतो आणि त्याचा आवाज अजून वरच टांगलेला असतो, तिथे पेन्सिलने फुली करा. या पानावर एखाद-दुसरी फुली निघेलच. मुकादमाच्या वाक्याशेजारी ध्वनिफितीतली मिनिटं-सेकंदं लिहून ठेवा, म्हणजे पुढे कुणाला शंका आली तर त्याला स्वतः ऐकता येईल. आणि मजकूर छापून आला, प्रती वाटून झाल्या, तरी ती ध्वनिफीत पुसू नका.